येत्या सात दिवसांत कोणाचे पैसे द्यायचे आहेत?

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकोनांत दुधाच्या खाड्यांपासून गॅस सिलिंडर लावल्याच्या तारखेपर्यंत सगळं लिहिलेलं असतं. घरातली देणी लिहायलाही तीच जागा वर्षानुवर्षं पुरली. कर्जाचा हप्ता पाच तारखेला, सोसायटीचा मेंटेनन्स दहाला, विम्याचा हप्ता तीन महिन्यांनी. भिंतीवरचं कॅलेंडर महिना पूर्ण दाखवतं, पण आज काय बघायचं ते सांगत नाही. पान उलटलं की न भरलेलं बिलही पानाआड जातं. हल्ली बरीच घरं मोबाइलवर किंवा संगणकावर देण्यांची यादी ठेवतात आणि येत्या सात दिवसांत येणाऱ्या ओळी रंगवून घेतात. हे करणं सोपं आहे. बरोबर करणं मात्र थोडं विचाराचं काम आहे, कारण चुकीची रंगणारी यादी ही यादी नसण्याहून वाईट. तिच्यावर भरवसा ठेवून माणूस निर्धास्त राहतो.

सातच दिवस का? सात दिवसांत आठवड्याचा प्रत्येक वार एकदा येतो, म्हणजे रविवारही येतो, आणि मध्ये एखादी सुट्टी आली तरी कामाचे तीन-चार दिवस हाताशी राहतात. चेक द्यायचा असेल, दुसऱ्या खात्यातून पैसे वळवायचे असतील किंवा बिलाची रक्कम जास्त वाटली म्हणून कचेरीत विचारायचं असेल, तर एवढा अवधी पुरतो. दोन दिवस आधी कळून यातलं काहीच नीट होत नाही. उलट पंधरा दिवस आधीपासून ओळी रंगू लागल्या तर निम्मी यादी कायम रंगलेली दिसते आणि डोळा तिला सरावतो.

एक घर धरू आणि 1 जुलै 2026, बुधवार, हा दिवस घेऊ. खात्यात 26,000 रुपये आहेत आणि पगार सात तारखेला होतो. गृहकर्जाचा 18,400 रुपयांचा हप्ता 5 तारखेला खात्यातून आपोआप जातो. मोबाइलचं 599 रुपयांचं बिल 6 तारखेला, तेही आपोआप. क्रेडिट कार्डाचे 7,250 रुपये 8 तारखेपर्यंत भरायचे आहेत. 1,640 रुपयांच्या वीजबिलावर लवकर भरण्याच्या सवलतीची तारीख 3 जुलै आहे. आयुर्विम्याचा 4,310 रुपयांचा तिमाही हप्ता 28 जूनला भरायचा होता, तो राहून गेला आहे. मेंटेनन्स 10 तारखेचा, म्हणून तो अजून रंगलेला नाही.

सात दिवसांत येणाऱ्या चार ओळींची बेरीज 27,889 रुपये होते. थकलेला विमा धरला तर 32,199. खात्यात तेवढे पैसे नाहीत. आता समजा, रंगलेल्या ओळी बघून घरातल्या कुणी उत्साहाने कार्ड आणि वीजबिल त्याच दिवशी भरून टाकलं. खात्यात 17,110 रुपये उरतील. पाच तारखेला 18,400 चा हप्ता मागायला येईल आणि परत जाईल. हप्ता परत गेला की आपली बँक दंड लावते, कर्ज देणारी संस्थाही लावते आणि नोंद क्रेडिट इतिहासात जाऊ शकते. त्याऐवजी विमा आणि वीज आज भरली तर 5,950 रुपये जातात, 20,050 उरतात. पाच आणि सहा तारखेचे मिळून 18,999 त्यातून निघतात. कार्ड सातला पगार झाल्यावर, पण आठची वाट न बघता, भरायचं. शिल्लक जेमतेम 1,051 राहते, म्हणजे या आठवड्यात किराणा मोठा भरायचा नाही, हेही बुधवारीच कळतं. म्हणून यादीत रक्कम आणि पैसे कसे जातात हे दोन्ही रकाने हवेतच. नुसत्या तारखा रंगवून हा निर्णय घेता येत नाही.

या उदाहरणातली 5 जुलै रविवारी येते. पूर्वी अशा वेळी हप्ता सोमवारी निघायचा आणि लोक त्या एका दिवसावर विसंबून असायचे. 1 ऑगस्ट 2021 पासून बँकांमधली नाच ही सामूहिक वसुलीची व्यवस्था सुट्टीच्या दिवशीही चालते. हप्ता रविवारीच निघू शकतो, त्यामुळे पैसे शनिवारी रात्री खात्यात असायला हवेत. आपोआप जाणाऱ्या देण्यांच्या बाबतीत मनात एक दिवस आधीची तारीख धरावी हे बरं.

आता यादी कशी बांधायची ते. गूगल शीट्समध्ये रकाने असे ठेवावेत: A मध्ये देण्याचं नाव, B मध्ये पहिली तारीख, C मध्ये किती महिन्यांनी, D मध्ये आतापर्यंत किती वेळा भरलं, E मध्ये पुढची तारीख, F मध्ये रक्कम आणि G मध्ये आपोआप की हाताने. E2 मध्ये हे सूत्र लिहून खाली ओढावं:

```
=EDATE($B2,$C2*$D2)
```

गृहकर्जाची पहिली तारीख 5 जानेवारी 2026, दर 1 महिन्याने, 6 वेळा भरलं, म्हणून पुढची तारीख 5 जुलै. विम्याची पहिली तारीख 28 मार्च, दर 3 महिन्यांनी, 1 वेळा भरलं, म्हणून 28 जून. पैसे भरले की D मधला आकडा एकने वाढवायचा, तारीख आपोआप पुढे सरकते.

बहुतेक घरगुती याद्या नेमक्या इथेच फसतात. पुष्कळ जण सूत्र असं लिहितात की आजची तारीख देय तारखेच्या पुढे गेली की यादी स्वतःच पुढचा महिना दाखवते. दिसायला ते छान वाटतं, कारण हाताने काही करावं लागत नाही. पण मग 28 जूनचा न भरलेला विमा 29 जूनच्या सकाळी गुपचूप 28 सप्टेंबर होऊन बसतो आणि रंग उडतो. जे देणं सर्वांत जास्त डोळ्यांत खुपायला हवं, तेच नाहीसं होतं. तारीख पैसे भरल्याने पुढे सरकली पाहिजे, दिवस उलटल्याने नव्हे. सगळ्या यादीत ही एक गोष्ट सांभाळली तरी निम्मं काम झालं.

रंगासाठी A2 पासून G60 पर्यंतचा भाग निवडून Format, मग Conditional formatting आणि त्यात Custom formula is असा पर्याय घ्यावा. पहिला नियम थकलेल्यांचा, लाल:

```
=AND($E2<>"",$E2<TODAY())
```

दुसरा सात दिवसांचा, पिवळा:

```
=AND($E2>=TODAY(),$E2<=TODAY()+7)
```

बुधवारी उघडलं तर पुढच्या बुधवारपर्यंतच्या ओळी रंगतात. पहिल्या नियमातली रिकाम्या खणाची अट गाळू नये, नाहीतर खालच्या साऱ्या रिकाम्या ओळी लाल होतील.

31 तारखेच्या देण्याचीही एक गंमतशीर अडचण आहे. 31 जानेवारीत एक महिना मिळवला तर 28 फेब्रुवारी येते आणि त्या 28 मध्ये आणखी एक मिळवला तर 28 मार्च. म्हणजे तारीख कायमची तीन दिवस मागे सरकली. वरचं सूत्र दर वेळी पहिल्या तारखेपासून मोजतं, त्यामुळे मार्चमध्ये पुन्हा 31 येते. गूगल कॅलेंडरमध्ये दर महिन्याच्या 31 ला आठवण लावली तर 31 नसलेले महिने चक्क वगळले जातात. शिवाय कॅलेंडरला बिल भरलं की नाही हे कळत नाही.

परदेशात असलेल्या मुलाने किंवा मुलीने आईवडिलांना फाइल बनवून दिली असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. फाइल अमेरिकेतल्या खात्यावर बनली की ती महिना आधी आणि दिवस नंतर वाचते. वडील पुण्यात 05/07/2026 लिहितात, फाइल त्याला 7 मे समजते. पहिल्या तारखेच्या रकान्यात असं झालं की पुढचा सगळा हिशेब चुकतो. 28/06/2026 ला तर ती तारीख मानतच नाही, नुसता मजकूर मानते. तशी तारीख वीजबिलाच्या ओळीत थेट E मध्ये लिहिलेली असेल तर ती कधीच रंगत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: खरी तारीख खणात उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. File मधल्या Settings मध्ये देश भारत आणि वेळ भारताची करून घ्यावी. फाइलची वेळ न्यू जर्सीची राहिली तर उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजेपर्यंत ती कालचाच दिवस धरून बसते.

वीजबिल या सूत्रात बसत नाही. त्याची तारीख रीडिंग कधी घेतलं आणि बिल कधी निघालं यावर ठरते, म्हणून बिल आल्यावर E मध्ये हाताने लिहावी. महावितरणच्या बिलावर लवकर भरण्याची तारीख आणि अंतिम तारीख अशा दोन्ही छापलेल्या असतात. बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरलं तर सुमारे एक टक्का सूट मिळते. 1,640 रुपयांच्या बिलात ती पंधरा-सोळा रुपयांच्या घरात. पैशांची ओढ असेल त्या महिन्यात तिच्यासाठी हप्ता धोक्यात घालू नये, अंतिम तारखेपर्यंत थांबावं. आणि बिल भरल्यावर खण रिकामा सोडू नये. पुढच्या महिन्यात बिल साधारण ज्या दिवशी यायला हवं ती तारीख तिथे लिहावी. त्या दिवशी ओळ रंगलेली असेल आणि बिल आलंच नाही, हेही कळेल.

लाल ओळ दिसली म्हणून घाबरायचं कारण नसतं, पण प्रत्येक लाल सारखा नसतो. आयुर्विम्याच्या तिमाही हप्त्याला 30 दिवसांची सवलतीची मुदत असते, मासिक हप्त्याला 15 दिवसांची. क्रेडिट कार्डाच्या उशिराचा दंड रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीन दिवस उलटल्यानंतरच लावता येतो, व्याज मात्र वाचत नाही. वाहनाच्या विम्याला अशी माफी नाही. तो संपल्याच्या रात्रीपासून गाडी विम्याविना असते आणि 90 दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर साठलेला नो क्लेम बोनसही जातो. म्हणून वाहन विम्याची ओळ यादीत सर्वांत वर ठेवावी.

ही फाइल कुणाला हाक मारत नाही, ती उघडावी लागते. आठवड्यातला एक ठरलेला दिवस आणि घरातली दोन माणसं त्यासाठी नेमा. दोघांच्याही मोबाइलवर ती उघडत असू द्या. पासवर्ड, पिन किंवा कार्डाचा पूर्ण नंबर तिच्यात लिहू नका, शेवटचे चार आकडे पुरतात. आणि पैसे गेल्याचा संदेश आल्याशिवाय D मधला आकडा वाढवू नका.