बहिर्वक्र फलनात फसवा तळ का नसतो?

आलेखावरचे कोणतेही दोन बिंदू जोडणारा रेषाखंड आलेखाच्या खाली कधीच जात नसेल, तर ते फलन बहिर्वक्र, उदाहरणार्थ, x². समजा, अशा फलनाला a पाशी स्थानिक लघुतम आहे, पण दूर b पाशी किंमत आणखी कमी आहे. या दोन बिंदूंना जोडणारा रेषाखंड a पासून लगेच उतरू लागतो आणि आलेखाला त्याच्या वर जाता येत नाही. म्हणजे a च्या अगदी शेजारीच कमी किंमत सापडते. मग a स्थानिक लघुतम कसला?

3x⁴ − 4x³ − 12x² मात्र फसवते. x = −1 पाशी −5 हा तळ दिसतो, पण x = 2 पाशी किंमत −32 असते. मधे x = 0 वर रेषाखंड −14 ला, तर आलेख 0 वर: बहिर्वक्रता तिथेच मोडते. eˣ बहिर्वक्र असूनही त्याला लघुतम नसतोच, ही गोष्ट वेगळी.