चार तास म्हणजे नेमके किती?

संगणक व्यवस्था सांभाळणाऱ्या व्हेंडरशी सेवेच्या दर्जाचा जो करार होतो, त्याला सगळे एसएलए म्हणतात. करार वीस-पंचवीस पानांचा असतो. संचालक मंडळाला तो वाचायला वेळ नसतो, म्हणून कार्यालयातल्या कुणाला तरी सांगितलं जातं, ‘जरा एका पानात सारांश काढून द्या.’ बहुतेक सारांशांत मग असं एक वाक्य येतं : गंभीर बिघाडाला पंधरा मिनिटांत प्रतिसाद, चार तासांत दुरुस्ती, उशीर झाल्यास दर तासाला मासिक शुल्काच्या १ टक्का दंड, कमाल १० टक्के.

यातला एकही आकडा चुकीचा नाही. तरी हा सारांश दिशाभूल करणारा आहे.

समजा, एक पतसंस्था व्हेंडरला महिन्याला ६०,००० रुपये देते. गुरुवारी संध्याकाळी ५.४० ला सर्व्हर बसला. पिग्मी एजंट दिवसभराचा भरणा घेऊन यायची हीच वेळ. ५.५० ला तक्रार नोंदवली, ५.५२ ला तिकीट क्रमांकाचा मेल आला. दुसऱ्या दिवशी दुपारी १.२० ला कामकाज सुरू झालं. संस्थेच्या घड्याळाप्रमाणे १९ तास ४० मिनिटं सगळं ठप्प होतं. चेअरमन म्हणणार, ‘दंड लावा.’

आता करार उघडू. व्याख्यांच्या कलमात लिहिलंय, की सेवेची वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६. म्हणजे गुरुवारची फक्त दहा मिनिटं मोजायची, तीही बिघाडापासून नव्हे, तक्रार नोंदवल्यापासून. शुक्रवारचे ९ ते १.२०, म्हणजे ४ तास २० मिनिटं. एकूण साडेचार तास. अर्ध्या तासाचा तरी दंड बसेल? तोही नाही. सर्व्हर-खोलीची किल्ली शाखाधिकाऱ्याकडे होती आणि ते यायला चाळीस मिनिटं लागली. त्या वेळात व्हेंडरने तिकीट ‘ग्राहकाकडे प्रलंबित’ करून ठेवलं. करारानुसार तेवढं घड्याळ थांबतं. उरले ३ तास ५० मिनिटं. मर्यादा पाळली गेली, दंड शून्य. पंधरा मिनिटांच्या प्रतिसादाचं काय? ५.५२ चा मेल संगणकाने आपोआप पाठवला होता आणि करारात त्यालाच प्रतिसाद मानलं होतं.

व्हेंडरने इथे फसवणूक केलेली नाही. घड्याळ कधी सुरू होतं, कधी थांबतं आणि ते कुणाच्या हातात असतं, हे सारांशातून गळालं, एवढंच. खरं तर सारांशाचं काम तेवढंच असतं. प्रत्येक आकड्याशेजारी या तीन गोष्टी आणि मूळ कलमाचा क्रमांक लिहिला, की पान भरतं. बाकीची पोपटपंची वगळली तरी चालते.

टक्क्यांचंही तसंच आहे. ‘९९.५ टक्के उपलब्धता’ ऐकायला भारदस्त वाटतं. तीस दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटं असतात. त्याचा अर्धा टक्का २१६ मिनिटं, म्हणजे ३ तास ३६ मिनिटं सेवा बंद राहिली तरी करार मोडत नाही. ती सगळी एकाच सोमवारी सकाळी गेली तरीही. सारांशात टक्क्यांबरोबर हे तासही लिहावेत. संचालकांना तेच समजतात. ‘९५ टक्के तक्रारी वेळेत’ अशी अट असेल तर महिन्याच्या वीस तक्रारींतली एक कितीही दिवस रेंगाळू शकते, आणि ती सर्व्हरचीच असू शकते.

दंडाबद्दल फार आशा बाळगू नये. वरच्या उदाहरणात सेवा चोवीस तासांची धरली, तर किल्लीची चाळीस मिनिटं वगळूनही १८ तास ५० मिनिटं होतात. चार तास वजा जाता जवळजवळ पंधरा तास उशीर, म्हणजे १५ टक्के. पण कमाल मर्यादा १०, म्हणून ६,००० रुपये. तेही बहुधा रोख मिळत नाहीत, पुढच्या बिलातून वजा होतात. आणि ठरावीक दिवसांत लेखी मागितले नाहीत तर हक्क जातो, असं कलम अनेक करारांत असतं. ती मुदत सारांशात ठळक हवी. मर्यादा वाढवून घ्यायची तरी भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ लक्षात ठेवावं : करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल असते, न्यायालय त्याच्या आत वाजवी ठरेल तेवढंच देतं. वाटेल तो आकडा लिहून तो वसूल होत नाही.

तेव्हा सहीच्या आधी एक करा. गेल्या वर्षीचा आपला सर्वांत वाईट बिघाड घ्या, त्याच्या खऱ्या वेळा नव्या करारात घाला आणि व्हेंडरला समोर बसवून विचारा, ‘यात दंड किती?’ उत्तर शून्य आलं, तर सही थांबवा.