भरती-ओहोटीचा तक्ता आणि खारबंदिस्तीची उघाडी

रायगड जिल्ह्यातील धरमतर खाडीच्या दोन्ही अंगांस पसरलेल्या खारेपाटात भातशेतीचे सारे भवितव्य बांधावर आणि बांधातील उघाडीवर अवलंबून असते. पावसाचे साचलेले पाणी ओहोटीच्या वेळी उघाडीवाटे खाडीत जाते, आणि भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने उघाडीची झडप मिटते. झडपेत ओंडका किंवा गवताचा भारा अडकला, तर तीच वाट खाऱ्या पाण्याला मोकळी होते आणि आवणातील रोपे करपतात. म्हणून झडप केव्हा उघडेल व केव्हा मिटेल हे आधी ठाऊक असणे जरूर आहे. झडप मिटण्यापूर्वी माणूस तेथे पोहोचला पाहिजे.

भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याच्या पानाचे छायाचित्र अलीकडे मोबाइलवरून गावोगाव पोहोचते. पानावर आकड्यांचा तक्ता असतो आणि पुष्कळदा त्याखाली लाटेसारखी चढती-उतरती रेघ, म्हणजे आलेख असतो. हे पान नीट वाचता आले तर उघाडीचे वेळापत्रक घरबसल्या मांडता येते. मात्र घाई करू नये.

पहिली गोष्ट म्हणजे पान कोठले व केव्हाचे आहे हे पाहावे. छायाचित्र घेताना पानाचा माथा कापला गेला असेल, तर बंदराचे नाव, महिना व साल दिसत नाही. असे पान निरुपयोगी समजावे. धरमतर खाडी मुंबई बंदराच्या मुखाला मिळत असल्याने तेथे मुंबईचा, म्हणजे अपोलो बंदराचा तक्ता चालतो. रत्नागिरीचा किंवा गुजरातचा तक्ता चालणार नाही. शंका आल्यास आपल्या कोकणातील जुना हिशेब पडताळ्यास घ्यावा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अदमासे निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, तेव्हा सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. तक्ता याच्याशी दोन-तीन तासांनी फटकत असेल, तर तो दुसऱ्या जागेचा किंवा दुसऱ्या महिन्याचा आहे हे ओळखावे.

तक्त्यात प्रत्येक तारखेपुढे वेळ व उंची अशा जोड्या असतात. वेळ मध्यरात्रीपासून चोवीस तासांची धरलेली असते, १८.५० म्हणजे सायंकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटे. गावात दिवस सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे येथे हटकून चूक होते: अकरा तारखेच्या रात्री जेवणानंतर येणारी ००.५० ची भरती तक्त्यात बारा तारखेपुढे छापलेली असते. उंचीचा आकडा मीटरमध्ये असतो. मोठा आकडा भरतीचा आणि लहान आकडा ओहोटीचा. ते आळीपाळीने येतात, दोहोंमध्ये साधारण सहा तासांचे अंतर असते आणि तीच भरती दुसऱ्या दिवशी सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. पुसट छायाचित्रात १ आणि ७, ३ आणि ८ यांचा घोटाळा झाल्यास याच नियमाने खरा आकडा ठरवावा. एखाद्या तारखेपुढे तीनच जोड्या दिसल्या तर तो छपाईचा दोष नव्हे. चौथी मध्यरात्र ओलांडून पुढच्या तारखेस गेलेली असते.

आता आलेख. त्याच्या तळाशी डावीकडून उजवीकडे तास असतात आणि डाव्या कडेला उंची असते. रेघेचे शिखर म्हणजे भरती, खळगा म्हणजे ओहोटी. तक्ता फक्त ही दोन टोके सांगतो. मधल्या कोणत्याही क्षणी पाणी किती आहे ते आलेखच दाखवितो. छायाचित्र तिरपे घेतले असेल तर उभ्या-आडव्या रेघा कलतात आणि वाचन चुकते. म्हणून प्रथम शिखराखाली कागदाची सरळ कड धरून वेळ वाचावी व ती तक्त्याशी ताडून पाहावी. दोन्ही जुळल्या तरच पुढे जावे.

येथवर सारे बंदराचे झाले. आपल्या उघाडीशी त्याचा मेळ घालणे हे खरे काम आहे, आणि बहुतेक लोक नेमके तेच सोडून देतात. तक्त्यातील उंची समुद्रातील अगदी खालच्या ओहोटीच्या एका ठरावीक पातळीपासून मोजलेली असते. तिचा शेताच्या उंचीशी थेट संबंध नसतो. शिवाय खाडीत आत जावे तसे पाणी उशिरा पोहोचते. यासाठी पाऊस व वारा नसलेल्या दिवशी उघाडीच्या बाहेरील खांबावर खाचराच्या सपाटीइतक्या उंचीची खूण करावी व घड्याळ घेऊन बसावे.

उदाहरणार्थ, तक्त्यात भरती ११.३० ला असून उघाडीपाशी पाणी १२.१० ला थांबले, तर उशीर चाळीस मिनिटांचा झाला. पुढे उतरते पाणी खुणेला १५.५० ला लागले, तर चाळीस मिनिटे वजा करून आलेखात १५.१० वर उभी रेघ काढावी. ती वक्ररेषेस जेथे भेटेल तेथून डावीकडे पाहावे. तेथे २.६० मीटर निघाले, तर तो त्या उघाडीचा आकडा. दोन-तीन दिवस असेच पाहून तो पक्का करावा. चढत्या पाण्यासाठीही स्वतंत्र निरीक्षण करावे, कारण खाडीत ओहोटीचा उशीर भरतीपेक्षा बहुधा जास्त असतो.

एकदा हा आकडा हाती आला की पुढील हिशेब सोपा आहे. समजा, आषाढ वद्य प्रतिपदेच्या दिवशी भरती १२.५० ला ४.७० मीटर, ओहोटी १८.५० ला १.७० आणि पुढील भरती ००.५० ला ४.०० मीटर आहे. आलेख असल्यास २.६० वर आडवी पट्टी धरावी. छायाचित्रात आलेख नसल्यास उतार बारा भागांत वाटावा: सहा तासांत अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक भाग. येथे उतार तीन मीटर, म्हणजे एक भाग पंचवीस सेंटिमीटरचा. तीन तासांनी, १५.५० ला, पाणी ३.२० वर येते, चौथ्या तासात ते ७५ सेंटिमीटर उतरते, तेव्हा २.६० ची पातळी १६.३८ ला लागते. त्याच रीतीने चढते पाणी २१.२४ च्या सुमारास पुन्हा २.६० वर येते. दोन्हींत चाळीस मिनिटे मिळविली की उघाडी सायंकाळी सव्वापाचच्या पुढे वाहू लागेल व रात्री दहाच्या सुमारास मिटेल. झडप साफ करावयास माणूस पाचाला पाठवावा आणि नऊ वाजता तेथे पुन्हा फेरी व्हावी. खाचरात पाणी तुंबलेले असल्यास झडप थोडी आधी उघडेल व थोडी उशिरा मिटेल, हे उघडच आहे.

भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, भरती कमी चढते, परंतु ओहोटीही पुरती उतरत नाही. आतल्या व बाहेरच्या पाण्यात फरक थोडा राहतो आणि शेत सावकाश रिकामे होते. बांधाची खांड बुजविण्यास हेच दिवस बरे. उधाणात ताजी माती टिकत नाही.

तक्ता चंद्र-सूर्याच्या गतीवरून आगाऊ मांडलेला असतो. त्यात वारा, वादळ व नदीचा पूर धरलेला नसतो. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला तर समुद्र सुमारे एक सेंटिमीटर चढतो, आणि किनाऱ्याकडे वाहणारा जोराचा वारा त्यात आणखी भर घालतो. डोंगरातून पूर उतरत असेल तर ओहोटीची वेळ होऊनही खाडी खाली जात नाही. अशा दिवशी खांबावरील खूण पाहावी व तीच प्रमाण मानावी. बंदराचा आकडा मोठा असलेल्या उधाणात जोराचा पाऊस आला, तर बांधाच्या कमजोर जागी पहारा रात्रीच्या भरतीपर्यंत ठेवावा.