दोन वाक्ये, एक स्वल्पविराम

आठवी-नववीच्या मुलांचे इंग्रजी निबंध तपासायला घेतले की एक चूक पानोपानी भेटते. मूल लिहिते, ‘द वेल वॉज ड्राय, द विमेन वॉक्ड टू द रिव्हर.’ विहीर आटली होती, बायका नदीवर गेल्या. शब्द बरोबर, काळ बरोबर, तरी शिक्षक स्वल्पविरामाभोवती लाल गोल काढतात. इंग्रजीत या चुकीला ‘कॉमा स्प्लाइस’ म्हणतात. दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडायची नाहीत, असा तिथला नियम आहे. विल्यम स्ट्रंक या अमेरिकन प्राध्यापकांनी 1918 साली विद्यार्थ्यांसाठी छापलेल्या लेखनपुस्तिकेतही तो आहे.

मराठी मुलाला ही चूक चूक वाटत नाही, याला कारण आहे. ‘विहीर आटली होती, बायका नदीवर गेल्या’ हे आपल्या कानाला खटकत नाही. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते, त्यामुळे एक विधान कुठे संपले ते ऐकूनच कळते. इंग्रजीत क्रियापद मध्ये असते आणि त्याच्यामागून आणखी शब्द येत राहतात. म्हणून विधान संपल्याची खूण चिन्हाने किंवा जोडशब्दाने करावी लागते. एकट्या स्वल्पविरामाला तिथे तेवढा अधिकार नाही.

चूक ओळखायची रीत सोपी आहे. स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम ठेवा आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाचा. दोन्हीकडे आपापला कर्ता आणि आपापले क्रियापद असून दोन्ही बाजू स्वतंत्र उभ्या राहत असतील, तर तो स्वल्पविराम तिथे चालणार नाही. ‘दे’ किंवा ‘इट’ने सुरू होणाऱ्या वाक्यांपाशी मुले हमखास फसतात. ‘द विमेन वेअर टायर्ड, दे सॅट डाउन’ यातले ‘दे’ म्हणजे कोण हे मागच्या वाक्यावरून कळते, म्हणून दुसरा भाग अपुरा वाटतो. व्याकरणाच्या दृष्टीने मात्र ‘दे’ हाच पूर्ण कर्ता आहे.

दुरुस्तीच्या वाटा अनेक आहेत आणि प्रत्येक वाटेने अर्थ थोडा बदलतो. पूर्णविराम दिला, तर विहीर आणि बायका ही दोन सुटी विधाने होतात आणि त्यांचा संबंध वाचकाने लावायचा असतो. अर्धविराम दिला, तर दोन्ही विधाने समान वजनाची राहतात, पण ती एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत हे कळते. स्वल्पविराम तसाच ठेवून पुढे ‘सो’ घातले, तर परिणाम उघड होतो: ‘द वेल वॉज ड्राय, सो द विमेन वॉक्ड टू द रिव्हर.’ ‘बिकॉज द वेल वॉज ड्राय’ अशी सुरुवात केली, तर विहिरीचे विधान गौण होते, भर बायकांच्या चालण्यावर जातो आणि मधला स्वल्पविराम आपोआप योग्य ठरतो.

आणखी एक वाट मराठी मुलांना जवळची वाटावी अशी आहे. ‘विहीर आटलेली पाहून बायका नदीवर गेल्या’ असे आपण सहज म्हणतो. तसेच इंग्रजीत ‘फाइंडिंग द वेल ड्राय, द विमेन वॉक्ड टू द रिव्हर’ असे लिहिता येते. अट एकच: पाहणारे आणि चालणारे तेच असले पाहिजेत.

सर्वांत फसवी दुरुस्ती ‘देअरफोर’ आणि ‘हाउएव्हर’ची. ‘द वेल वॉज ड्राय, देअरफोर द विमेन वॉक्ड टू द रिव्हर’ असे लिहून मुलाला वाटते, जोडशब्द आला, काम झाले. चूक मात्र तशीच राहते, कारण ही क्रियाविशेषणे आहेत, उभयान्वयी अव्यये नव्हेत. शब्द जागेवरून हलवून पाहा. ‘द विमेन, देअरफोर, वॉक्ड टू द रिव्हर’ हे चालते; ‘सो’ किंवा ‘बट’ असे वाक्याच्या पोटात सरकवता येत नाहीत. जो शब्द हलतो, त्याच्याआधी अर्धविराम किंवा पूर्णविराम हवा.

नियमाला थोडी सूटही आहे. अगदी छोटी, एकाच घडणीची वाक्ये ओळीने आली, तर चांगले इंग्रजी लेखक त्यांच्यामध्ये मुद्दाम स्वल्पविराम ठेवतात. परीक्षेच्या वहीत मात्र ही सूट न घेतलेली बरी.

आता मुलाचे वाक्य आणखी लांबले असे समजू: ‘द वेल वॉज ड्राय, द विमेन वॉक्ड टू द रिव्हर, द चिल्ड्रन मिस्ड स्कूल.’ दोन्ही ठिकाणी पूर्णविराम दिले, तर चूक जाईल, पण तीन तुटक वाक्ये उरतील. दोन्हीकडे ‘सो’ घातले, तर वाक्य रेंगाळेल. इथे पहिल्या दोन भागांत कारण आणि परिणाम आहे, तर मुलांची शाळा बुडणे ही निबंधाला खरी सांगायची गोष्ट आहे. म्हणून ‘बिकॉज द वेल वॉज ड्राय, द विमेन वॉक्ड टू द रिव्हर. द चिल्ड्रन मिस्ड स्कूल.’ शेवटचे वाक्य एकटे उभे राहिले आणि लक्षात राहिले.

म्हणून वही तपासताना नुसता गोल काढून थांबू नये. समासात एक प्रश्न लिहावा: या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध आहे? त्याचे उत्तर मुलाला सापडले, की कोणते चिन्ह किंवा कोणता शब्द हवा ते त्याचे त्यालाच ठरवता येते.