लेथवरचा दात्यांचा हिशेब

लेथवर आटे पाडताना दोन गोष्टी एकाच वेळी चालतात. चकमध्ये पकडलेला जॉब फिरतो आणि टूल त्याच्या कडेने सरकतं. टूलला सरकवतो तो लीड स्क्रू, म्हणजे मशीनच्या समोरून आडवा गेलेला लांब आटेदार दांडा. जॉबच्या एका फेऱ्यात टूल जेवढं सरकेल तेवढा आट्यांचा पिच, दोन लगतच्या आट्यांमधलं अंतर. स्पिंडल आणि लीड स्क्रू यांना गिअरची माळ जोडते. अलीकडच्या लेथवर बराचसा हिशेब गिअरबॉक्सच्या लिव्हरमागे दडलेला असतो. पण जुन्या लेथचं डावीकडचं झाकण उघडलं, की ही माळ समोर दिसते.

एक उदाहरण घेऊ. लीड स्क्रूचा पिच ६ मिमी आहे आणि आपल्याला ०.७५ मिमी पिचचे आटे हवेत. लीड स्क्रूच्या एका फेऱ्यात टूल ६ मिमी सरकणार. म्हणजे जॉबचे ८ फेरे होतील तेव्हा लीड स्क्रूचा एकच व्हायला हवा. एकाच जोडीत हे करायचं तर २० दात्यांच्या गिअरला १६० दात्यांचा गिअर लावावा लागेल. नेहमीच्या संचात एवढा मोठा गिअर नसतो. त्यात २० पासून पाच-पाचच्या टप्प्याने १२० पर्यंतचे असतात. मग काम दोन टप्प्यांत वाटायचं.

आकृतीत तीन शाफ्ट काढा. पहिल्यावर २० दाते. हा गिअर स्पिंडलच्याच वेगाने आणि त्याच दिशेने फिरतो असं धरू. मधल्या शाफ्टवर ५० आणि २५ दात्यांचे दोन गिअर एकमेकांना पक्के बसवलेले. शेवटी लीड स्क्रूवर ८०. पहिला २० चा गिअर ५० ला फिरवतो आणि मधला २५ चा ८० ला. फिरवणाऱ्याचे दाते वर आणि फिरणाऱ्याचे खाली लिहायचे, की हिशेब असा होतो:

(२० ÷ ५०) × (२५ ÷ ८०) = ५०० ÷ ४००० = १ ÷ ८

हे असंच का, ते दात्यांकडे पाहिलं की कळतं. २० चा गिअर एक फेरा मारतो तेव्हा त्याचे वीस दाते पुढे जातात, तेवढेच समोरच्याचे सरकतात. समोर पन्नास असल्यामुळे त्याचा फेरा दोन-पंचमांशच होतो. मधला २५ चा गिअर त्याच शाफ्टवर असल्याने तोही दोन-पंचमांश फेरा, म्हणजे दहा दाते पुढे जातो. लीड स्क्रूवरच्या ऐंशीपैकी दहा दाते सरकले, म्हणजे एक-अष्टमांश फेरा.

खरी चूक मधल्या शाफ्टवर होते. तिथे ५० आणि २५ च्या जागा अदलाबदल झाल्या, तर २० चा गिअर २५ ला आणि ५० चा ८० ला लागेल. गिअर तेच चार, पण गुणोत्तर एकास दोन होतं आणि पिच ०.७५ ऐवजी ३ मिमी पडतो. म्हणून आकृतीत नुसते आकडे लिहून भागत नाही. कोणता गिअर कुणाला लागतो ते दिसलं पाहिजे.

आता दिशा. बाहेरून दाते असलेले दोन गिअर एकमेकांना लागले, की त्यांच्या दिशा विरुद्ध होतात. एकाच शाफ्टवरचे दोन मात्र एकाच दिशेने फिरतात, म्हणून ५० आणि २५ यांच्यात दिशा बदलत नाही. मोजायच्या त्या फक्त दाते भिडण्याच्या जागा. इथे त्या दोन, म्हणजे लीड स्क्रू स्पिंडलच्याच दिशेने फिरणार. लीड स्क्रूचे स्वतःचे आटे उजवे असतील, तर जॉबवरही उजवे आटे पडतील.

समजा, २५ चा गिअर ८० पर्यंत पोचत नाही, म्हणून मध्ये ४० दात्यांचा एक आयडलर घातला. गुणाकारात ४० एकदा खाली येतो, एकदा वर येतो आणि छेदला जातो. वेग तसाच राहतो. पण भिडण्याच्या जागा तीन झाल्या, लीड स्क्रू उलट फिरू लागला आणि आटे डावे पडले. सायकलच्या डाव्या पेडलसाठी डावेच आटे लागतात, तिथे हे हवंच असतं. साध्या बोल्टवर मात्र जॉब वाया जातो. उजवे आटे परत हवे असतील, तर आणखी एक आयडलर घालायचा किंवा दिशा बदलण्याचा लिव्हर फिरवायचा.

मशीन सुरू करण्याआधी मेन स्विच बंद करून, स्पिंडल न्यूट्रलमध्ये ठेवून हाफ नट लावावा आणि चक कामाच्या दिशेने हाताने बरोबर ८ फेरे फिरवावा. लीड स्क्रूचा एक फेरा व्हायला हवा आणि कॅरेज ६ मिमी चकच्या दिशेने यायला हवं. ते टेलस्टॉककडे निघालं, तर एक भिडण्याची जागा जास्त किंवा कमी झाली आहे. ते २४ मिमी सरकलं, तर मधले दोन गिअर उलटे बसले आहेत.