खिळा पायात, तारीख विस्मरणात

बांधकामावर सेंट्रिंगच्या फळ्या उतरवताना एक मिस्त्री उलट्या पडलेल्या फळीवर पाय देतो. गंजका खिळा स्लिपरच्या आरपार जाऊन टाचेत घुसतो. रक्त जेमतेम थेंबभर येतं. दवाखान्यात पहिला प्रश्न येतो, "टीटी कधी घेतलं होतं?" आणि मिस्त्री म्हणतो, "आठवत नाही."

खरं तर इथे गंजाचा दोष फारसा नाही. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात, आणि चकचकीत नवा खिळाही मातीत पडलेला असेल तर तितकाच घातक. धोका जखमेच्या आकारात आहे. खिळ्याचं भोक अरुंद आणि खोल असतं, वरचं तोंड लगेच मिटतं, आत हवा पोचत नाही. बिनहवेच्या जागीच हे जंतू वाढतात आणि त्यांचं विष मज्जातंतूंपर्यंत जातं. म्हणून भळभळ वाहणाऱ्या ओरखड्यापेक्षा हा रक्त न येणारा खिळा डॉक्टरांना जास्त खुपतो.

आता त्या "आठवत नाही"कडे येऊ. त्यात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. शेवटची तारीख विसरणं ही एक, आणि मुळात तीन डोस कधी झालेच आहेत का हे माहीत नसणं ही दुसरी. पहिली किरकोळ आहे, दुसरी नाही. आयुष्यात योग्य अंतराने तीन डोस झाले असतील, तर शरीराला या विषाची ओळख पटलेली असते. मध्ये वीस वर्षं गेली तरी एका बूस्टरने ती ओळख काही दिवसांत जागी होते. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. तीन डोस झालेच नसतील, तर आज टोचलेल्या लसीला पुरेशी प्रतिपिंडं तयार करायला आठवडे लागतात, आणि जंतू तेवढे थांबतीलच असं नाही.

म्हणून तारखेऐवजी आयुष्य आठवायचं. मिस्त्री पन्नाशीचा आहे. देशातला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ साली सुरू झाला, म्हणजे त्याचं बाळपण त्याआधीचं. शाळा चौथीत सुटली, तेव्हा दहाव्या आणि सोळाव्या वर्षाची इंजेक्शनंही बहुधा हुकली. मागे एकदा हाताला पत्रा लागला तेव्हा एक सुई घेतल्याचं त्याला आठवतं. हिशेब एका डोसवर थांबतो. याला दोन इंजेक्शनं लागतील: लस, आणि तयार प्रतिपिंडांचं टेटनस इम्युनोग्लोब्युलिन. हे दुसरं साधारण २५० युनिटचं असतं आणि वेगळ्या जागी, वेगळ्या सिरिंजने देतात. लस येत्या वर्षांसाठी, इम्युनोग्लोब्युलिन येत्या काही आठवड्यांसाठी. लहान दवाखान्यात ते नसेल तर मोठ्या रुग्णालयात जाणं भाग आहे. नुसती टीटी घेऊन समाधान मानू नये. लसीचा पुढचा डोस चार आठवड्यांनी आणि तिसरा त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी. पाय बरा झाला की हेच दोन डोस राहून जातात.

तोच खिळा त्याच्या बायकोच्या पायात गेला असता तर? तिला दोन्ही बाळंतपणांत सुया टोचल्या आहेत, आणि मुलांच्या जन्माच्या कार्डावर त्यांची नोंद सापडते. तीन डोस भरतात. धाकटा आठ वर्षांचा, म्हणजे शेवटचा डोस पाच वर्षांपेक्षा जुना. अशा मळक्या, खोल जखमेला एक बूस्टर पुरे, इम्युनोग्लोब्युलिन नको. जखम स्वच्छ आणि वरवरची असती, तर हीच मर्यादा दहा वर्षांची. दर सहा महिन्यांनी टीटी घ्यावी लागते हा समज मात्र चुकीचा आहे. वारंवार टोचल्याने दंड सुजून ठणकत राहतो, एवढंच. हल्ली तीच सुई टीडी नावाने मिळते, तिच्यात घटसर्पाचीही लस असते.

चोवीस तास उलटले म्हणून उपयोग नाही, असंही काही नाही. रोगाची लक्षणं दिसायला साधारणपणे तीन दिवस ते तीन आठवडे लागतात, तेव्हा उशिरा आलेल्यालाही लस देतात. तोपर्यंत जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवावी, हळद-चुना भरू नये. स्लिपरच्या रबराचा तुकडा आत राहिला का, हे डॉक्टरांकडून बघून घ्यावं, कारण पुढे दिवसेंदिवस पू येत राहतो तो पुष्कळदा त्याच्यामुळे. मधुमेह असेल तर जास्तच. अँटिबायोटिकच्या गोळ्या लसीची जागा घेत नाहीत. आणि जबडा आवळल्यासारखा वाटला, घास गिळता येईना किंवा मान ताठरली, तर जखम भरलेली दिसत असली तरी थेट मोठं रुग्णालय गाठावं.