दोन गोळ्या चुकल्या, ब्लीडिंग झालं: ही पाळी समजायची का?

आज एका श्रोतीचा प्रश्न घेतेय. ती माला-डी घेते, रोज रात्री 10 वाजता. नवीन पाकीट 1 तारखेला सुरू केलं. 5 आणि 6 तारखेची गोळी राहून गेली. 6 च्या रात्री कंडोमशिवाय संबंध आले आणि 7 ला रात्री ब्लीडिंग सुरू झालं. तिचा प्रश्न असा की, 'पाळी आली म्हणजे टेन्शन संपलं ना?'

नाही. ही पाळी नाहीच. पाकिटातल्या 21 पांढऱ्या गोळ्यांमध्ये हॉर्मोन असतं, उरलेल्या 7 रंगीत गोळ्या फक्त लोहाच्या. पांढरी गोळी थांबली की हॉर्मोन उतरतं आणि दोन-तीन दिवसांत गर्भाशयाचं अस्तर सुटायला लागतं. म्हणजे हे ब्लीडिंग एवढंच सांगतं की हॉर्मोन कमी पडलं. गर्भ राहिला की नाही, हे त्यावरून कळत नाही.

मग करायचं काय? पाकीट बंद करायचं नाही, ब्लीडिंग चालू असलं तरी. 7 च्या रात्री तिने 6 ची राहिलेली आणि 7 ची, अशा दोन गोळ्या एकत्र घ्यायच्या. थोडं मळमळेल, चालतं. 5 ची टाकून द्यायची. पुढे रोज एक, आणि सलग 7 दिवस गोळी होईपर्यंत कंडोम.

तिच्या गोळ्या पहिल्याच आठवड्यात चुकल्यात, हा खरा धोका. आधीच्या पाकिटाच्या शेवटी 7 दिवस हॉर्मोन नव्हतंच, त्यानंतर लगेच हा खंड. बीजांड सुटायला तेवढा वेळ पुरू शकतो. म्हणून तिने 72 तासांच्या आतली इमर्जन्सी गोळीही घ्यावी, जितकी लवकर तितकी बरी. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते. (तिसऱ्या आठवड्यात दोन चुकल्या असत्या, तर लोहाच्या गोळ्या सोडून थेट नवीन पाकीट लावायचं. आणि एकच चुकली असेल तर आठवेल तेव्हा घ्या, बस.)

टेस्ट कधी? दुसऱ्या दिवशी किट आणून काही उपयोग नाही, लघवीत हॉर्मोन दिसायला वेळ लागतो. संबंधांनंतर 21 दिवस मोजा. 6 अधिक 21, म्हणजे 27 तारीख. सकाळची पहिली लघवी घ्या.

गंमत बघा, 27 ला ती लोहाच्या गोळ्यांवर असेल, म्हणजे बहुतेक पुन्हा ब्लीडिंग चालू. 'आली की पाळी' म्हणून टेस्ट टाळायचा मोह तिथेच होतो. तरी करायचीच. दोन रेघा आल्या तर गोळ्या थांबवून डॉक्टरांकडे जायचं.

आणि मध्येच कधी ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली किंवा तासाला एक पॅड भिजू लागलं, तर 27 ची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.